दोन वर्षांआधी झोपवून, दोन वर्षांनंतर उभं करून : पर्यवेक्षिका आणि प्रकल्प अधिकाऱ्यांना खुलं पत्र

एकात्मिक बाल विकास सेवा योजनेतल्या सगळ्या पर्यवेक्षिका ताई आणि बालविकास प्रकल्प अधिकारी यांना,

नमस्कार. अंगणवाडी सेविकांच्या ट्रेनिंगमध्ये वजन-उंचीचा भाग मी घेते, त्यामुळे रजिस्टरं आणि मोबाईलवरच्या नोंदी सतत बघण्यात येतात. त्यात एक गोष्ट परत परत दिसते आणि तिच्याबद्दल सेविकांना बोलून उपयोग नाही, कारण निर्णय तुमच्या हातात आहे, म्हणून थेट तुम्हालाच लिहितेय. विषय एवढाच आहे की मूल दोन वर्षांचं होईपर्यंत त्याला झोपवून मोजायचं, दोन वर्षं पूर्ण झाली की उभं करून मोजायचं, आणि कसं मोजलं ते आकड्याशेजारी लिहायचं. पहिलं वाक्य सगळ्यांना पाठ आहे, दुसरं कधी होतं कधी होत नाही, आणि तिसरं जवळजवळ कुणीच करत नाही.

तुमच्यातले बरेच जण म्हणतील की उभं काय आणि आडवं काय, मूल तेवढंच. पण मूल तेवढंच राहत नाही. उभं राहिलं की अंगाचं सगळं वजन पाठीच्या कण्यावर येतं, मणक्यांमधल्या गाद्या थोड्या दबतात, कमरेला बाक येतो, टाचेखालचं मांस दबतं, आणि एवढ्या लहान वयात मूल गुडघे पूर्ण ताणून उभं राहतच नाही. झोपवल्यावर हा सगळा दाब निघून जातो, वर आपण गुडघे हलकेच दाबून पाय सरळ करतो. म्हणून त्याच मुलाची, त्याच दिवशी, झोपवून घेतलेली लांबी उभ्या उंचीपेक्षा जास्त येते. किती जास्त, तर सरासरी ०.७ सेंटिमीटर. हा आकडा जागतिक आरोग्य संघटनेच्या वाढीच्या अभ्यासातून आलाय. १९९७ ते २००३ या काळात ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांत तो झाला, आपल्याकडे दक्षिण दिल्लीतली मुलं त्यात होती. त्या अभ्यासात १८ ते ३० महिन्यांच्या मुलांना दोन्ही पद्धतीनं मोजलं गेलं आणि त्यावरून हा फरक काढला. २००६ साली आलेले आणि आज आपण वापरतो ते वाढीचे तक्ते त्यावरच बांधलेत.

आता हे तक्ते नीट बघा. मुलींच्या तक्त्यात २४ व्या महिन्याला मधली रेषा झोपवून ८६.४ आहे आणि उभं करून ८५.७. मुलांची झोपवून ८७.८, उभं करून ८७.१. म्हणजे तक्ता स्वतःच दुसऱ्या वाढदिवसाला ०.७ नं खाली उतरतो. ज्यांनी तो बनवला त्यांनी गृहीतच धरलंय की या दिवशी तुम्ही मुलाला इन्फंटोमीटरवरून उचलून स्टॅडिओमीटरवर उभं करणार. तुम्ही ते केलं नाही, किंवा वर्षभर आधीच केलं, तर तक्ता एका पद्धतीचा आणि आकडा दुसऱ्या पद्धतीचा असा प्रकार होतो, आणि मोबाईल तर जन्मतारखेवरून तक्ता निवडतो, मूल त्या दिवशी झोपलं होतं की उभं होतं हे सेविकेनं सांगितल्याशिवाय त्याला कळायचं कसं?

एका मुलीचं उदाहरण घेऊन दाखवते, आकडे समजावण्यासाठी धरलेत पण रेषा तक्त्यातल्याच आहेत. मुलगी २३ महिने पूर्ण झालेली. झोपवून लांबी ७९.४ आली. या वयाला मुलींची उणे दोन एसडीची रेषा, म्हणजे जिच्या खाली गेलं की आपण बुटकेपणा म्हणतो ती, ७९.२ वर आहे. मुलगी रेषेच्या जरा वर आहे, जपायला हवी, पण बुटकी नाही. आता समजा अंगणवाडीत त्या दिवशी गर्दी होती, इन्फंटोमीटर कपाटावर होता, मुलगी चालती-फिरती आहे म्हणून ताईंनी तिला सरळ स्टॅडिओमीटरला उभं केलं. उंची आली ७८.७. मोबाईलमध्ये गेली आणि मुलगी बुटकी म्हणून लाल झाली. मुलीला काहीही झालेलं नाही, फक्त ती उभी होती.

पुढच्या महिन्यात तिला २४ महिने पूर्ण झाले. या वयात महिन्याला साधारण पाऊण ते एक सेंटिमीटर वाढ होते, आपली मुलगी ०.८ वाढली असं धरा, म्हणजे झोपवून ८०.२ आणि उभी ७९.५. आता उभ्या उंचीची रेषा आहे ७९.३. बरोबर पद्धतीनं मोजलं तर ती पुन्हा रेषेच्या जरा वर, आधीसारखीच. पण समजा या वेळी ताईंनी तिला झोपवलं, कारण मूल झोपेत होतं किंवा मदतनीस रजेवर होती किंवा काहीही, आणि ८०.२ उंची म्हणून भरलं. रेषेपासून जवळजवळ एक सेंटिमीटर वर, मस्त हिरवी. गेल्या महिन्यात चुकून उभं केलं होतं आणि या महिन्यात चुकून झोपवलं, तर रेकॉर्डवर काय दिसतं? ७८.७ वरून ८०.२, एका महिन्यात दीड सेंटिमीटर वाढ आणि एक मूल बुटकेपणातून बाहेर. असा आकडा मीटिंगमध्ये यशोगाथा म्हणून वाचला जातो हो, आणि त्या मुलीच्या ताटात काहीच बदललेलं नसतं.

आता उलटी बाजू, आणि ही मला जास्त टोचते. ताईंनी दोन्ही महिने अगदी नियमानं काम केलं. २३ व्या महिन्यात झोपवून ७९.४, २४ व्या महिन्यात उभं करून ७९.५. रेकॉर्डवर महिन्याभरात वाढ किती दिसते, तर एक मिलिमीटर. मुलगी प्रत्यक्षात आठ मिलिमीटर वाढली, त्यातले सात उभं राहण्यात गेले. काही मुलांमध्ये तर आकडा सरळ कमीच होतो, गेल्या महिन्यात ८०.६ होता आणि आता ८०.४. पर्यवेक्षिका ताई बीटवर जातात, रजिस्टर बघतात आणि विचारतात, अहो मूल लहान झालं का, नीट मोजा. मी हे माझ्या कानांनी ऐकलंय, कुठल्या प्रकल्पात ते सांगत नाही. मग पुढच्या वेळी ती सेविका काय करते? गेल्या महिन्याचा आकडा बघते आणि त्यात पाच-सात मिलिमीटर मिळवून लिहिते, म्हणजे कुणी विचारायला नको. खरं मोजणारीला बोलणी बसली, आणि आता तिचं रजिस्टर सुरेख चढत्या रेषेत आहे पण त्यातून मुलाबद्दल काहीच कळत नाही. म्हणून माझी पहिली विनंती हीच की २३ वरून २४ महिन्यांत जाताना वाढ थांबलेली किंवा किंचित घटलेली दिसली तर आधी विचारा की गेल्या महिन्यात कसं मोजलं होतं आणि या महिन्यात कसं. दोन्हीकडे बरोबर असेल तर उभ्या आकड्यात ०.७ मिळवून मागच्याशी तुलना करा, त्या महिन्यापुरती. तक्त्यावर मात्र उभा आकडाच जाऊ द्या.

तुलना वेगळी आणि नोंद वेगळी हे नीट सांगायला हवं, कारण ०.७ ऐकलं की लोक सगळीकडे मिळवायला लागतात. नियम असा आहे. दोन वर्षांखालचं मूल काही केल्या झोपून मोजू देत नाही, रडून लाल होतंय, पाय झाडतंय, तर त्याला उभं करून मोजा आणि ०.७ मिळवा. दोन वर्षांवरचं मूल उभं राहू शकत नाही, खूप आजारी आहे, फार अशक्त आहे, तर झोपवून मोजा आणि ०.७ वजा करा. बास, या दोनच ठिकाणी. आणि हे एकदाच करायचं, म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये पोझिशन भरायची सोय असेल तर हातानं मिळवायचं नाही, कारण ते आतल्या आत स्वतः दुरुस्ती करतं. जागतिक आरोग्य संघटनेचं Anthro तसंच करतं. ताईंनी हातानं मिळवलं आणि वर पोझिशनही भरली तर ०.७ चे १.४ होतात.

आणि ०.७ ही सरासरी आहे हे विसरू नका. एखाद्या मुलात फरक अर्धा सेंटिमीटर असेल, एखाद्यात एक. त्यामुळे सोय म्हणून सगळ्यांना उभं करा आणि मागून मिळवत बसा हे चालणार नाही, रेषेच्या जवळच्या मुलांच्या बाबतीत तो अंदाजच होईल. बरोबर पोझिशनमध्ये मोजणं हेच खरं, दुरुस्ती नाइलाजाची.

आता वजनाचं बघा, कारण इथे चूक उलट्या दिशेनं जाते आणि ते पटकन लक्षात येत नाही. उंचीनुसार वजन काढताना उंची कमी लिहिली की मूल त्या उंचीला पुरेसं जाड वाटतं. म्हणजे वीस महिन्यांच्या मुलाला उभं करून मोजलं, उंची ०.७ नं कमी आली, तर एकीकडे ते जास्त बुटकं दिसेल आणि दुसरीकडे कमी लुकडं दिसेल. त्या वयाच्या मुलांत ०.७ सेंटिमीटरमुळे उणे तीन एसडीची रेषा वजनात शंभर ग्रॅमच्या आसपास सरकते. शंभर ग्रॅम काही नाही असं वाटेल, पण जे मूल सॅमच्या रेषेच्या पन्नास ग्रॅम खाली आहे ते या चुकीनं रेषेच्या वर जातं, मॅममध्ये गणलं जातं आणि ग्राम बाल विकास केंद्राच्या किंवा पोषण पुनर्वसन केंद्राच्या यादीत येतच नाही. बुटकेपणाची चूक फार तर कागद लाल करेल, ही चूक आजारी मुलाला घरी ठेवते. दोन वर्षांवरच्या मुलाला झोपवलं तर याच्या बरोबर उलट, बुटकेपणा लपतो आणि बरं असलेलं मूल लुकडं दिसतं. म्हणून दंडघेराची पट्टी कधी सोडू नका, ११.५ सेंटिमीटरच्या खाली दंडघेर आला तर उंची कशीही मोजली असली तरी ते मूल सॅमच आहे, सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत.

ताई लोक झोपवायचं का टाळतात हेही बोलूया, कारण नुसतं परिपत्रक काढून हे सुटत नाही. झोपवून मोजायला दोन माणसं लागतातच. एकानं डोक्याशी बसून दोन्ही हातांनी डोकं धरायचं, टाळू वरच्या फळीला टेकलेली, मुलाची नजर सरळ वर छताकडे, हनुवटी छातीला खुपसलेली नको आणि मान मागे गेलेलीही नको. कानाचं छिद्र आणि डोळ्याच्या खोबणीची खालची कड यांची रेषा पाटाला काटकोनात यायला हवी. दुसरीनं बाजूला बसून एका हातानं दोन्ही गुडघ्यांवर हलका दाब द्यायचा, दुसऱ्या हातानं पायाची फळी सरकवत आणून तळव्यांना पूर्ण टेकवायची, बोटं वर, आणि पाय सरळ आहेत त्याच क्षणी आकडा वाचायचा, मिलिमीटरपर्यंत. अगदी नवजात बाळाचे पाय पूर्ण सरळ होत नाहीत, तिथे जोर लावायचा नाही. डोक्याकडे मदतनीस, बाळाची आई जवळ उभी, बाळाला दिसेल अशी. आईला डोकं धरायला शिकवलं तर तीही उत्तम धरते, पण आधी शिकवावं लागतं. एकट्या सेविकेनं हे करायचं म्हटलं तर एक तर डोकं सुटतं नाहीतर गुडघा वाकतो, आणि वाकलेला गुडघा एक सेंटिमीटर सहज खातो, म्हणजे ०.७ च्या सगळ्या चर्चेपेक्षा जास्त. मदतनीसाची जागा रिकामी असलेल्या अंगणवाडीत वजन-उंचीच्या दिवशी शेजारच्या अंगणवाडीची मदतनीस किंवा आशा ताई द्या, हे ठरवणं तुमच्याच हातात आहे.

उभ्या मोजणीतही दोघीजणी हव्यात. चप्पल-मोजे काढलेले, क्लिपा, हेअरबँड आणि डोक्यावर बांधलेली शेंडी सोडलेली (ही शेंडी फार त्रास देते, आई हौसेनं बांधून आणते आणि सोडायला नको म्हणते, पण सोडावीच लागते), टाचा, पोटऱ्या, नितंब, खांदे आणि डोक्याची मागची बाजू फळीला लागलेली. मदतनीस खाली बसून गुडघे आणि घोटे धरते, ताई एका हातानं हनुवटी धरून नजर समोर ठेवते आणि वरची पट्टी केस दाबून टाळूपर्यंत आणते. अडीच वर्षांचं मूल टाचा उचलतं, पोट पुढे काढतं, गुडघे वाकवतं, त्याला दोष देऊन काय उपयोग, पकडायला माणूस पाहिजे. स्टॅडिओमीटरखालची फरशी उंचसखल असेल किंवा भिंतीवर लावलेल्या पट्टीचा शून्य जमिनीपासून वर असेल तर अख्ख्या गावाची मुलं एकदम बुटकी किंवा उंच होतात. हे तपासायला एक मीटरची खात्रीची पट्टी पुरते, उभी धरा आणि १००.० येतंय का बघा, इन्फंटोमीटरलाही तीच पट्टी आडवी ठेवून बघा.

तुम्ही अधिकारी म्हणून टेबलावर बसूनही ही चूक ओळखू शकता आणि त्यासाठी फार गणित लागत नाही. प्रकल्पातल्या १८ ते ३० महिन्यांच्या मुलांची बुटकेपणाची टक्केवारी महिन्याच्या वयानुसार ओळीनं मांडा. खरा बुटकेपणा हळूहळू साचतो, तो २३ व्या आणि २४ व्या महिन्याच्या मध्ये अचानक उडी मारत नाही. २४ व्या महिन्यात टक्केवारी धाडकन खाली आली तर समजा दोन वर्षांखालची मुलं उभी केली जातायत, किंवा दोन वर्षांवरची झोपवली जातायत, किंवा दोन्ही. अशी उडी मोठमोठ्यांच्या कामातही येऊन गेलीय, १९७७ च्या जुन्या अमेरिकन तक्त्यांमध्ये दोन वर्षांपर्यंतचा भाग एका गटातल्या मुलांच्या लांबीवर आणि पुढचा दुसऱ्याच मुलांच्या उंचीवर बांधला होता, त्यामुळे जगभर दोन वर्षांच्या वळणावर बुटकेपणा कमी झाल्याचा भास व्हायचा. २००६ च्या तक्त्यांत ते मुद्दाम दुरुस्त केलं गेलं. दुसरी खूण शेवटच्या आकड्याची, म्हणजे दशांशानंतर सगळीकडे .० आणि .५ च दिसत असतील तर मिलिमीटर वाचले जातच नाहीयेत, मग ०.७ चा विचार तर लांबच राहिला.

आणि ट्रेनिंगमध्ये एक काम आवर्जून करून घ्या. दोन ते अडीच वर्षांची पाच-सहा मुलं बोलवा, प्रत्येकाला त्याच ताईंनी झोपवून आणि उभं करून मोजायचं, आधीचा आकडा झाकून ठेवायचा. झोपवून आलेला आकडा जास्त आला पाहिजे. एखाद्या मुलाचा उभा आकडा जास्त आला तर हमखास कुठेतरी गुडघा वाकला, डोकं फळीपासून सुटलं किंवा शेंडी राहिली. पुन्हा मोजायला लावा. फरक दोन-अडीच सेंटिमीटर आला तर उभ्या मोजणीत मूल वाकलेलं होतं. हे स्वतःच्या हातानं केल्यावर कुणालाच ०.७ पाठ करायला सांगावं लागत नाही.

आता मागणी. रजिस्टरमध्ये उंचीच्या रकान्यात आकड्यापुढे एक अक्षर लिहायला लावा, झोपवून असेल तर झो, उभं असेल तर उ, दर महिन्याला, प्रत्येक मुलाला. मोबाईलवर मोजण्याची पद्धत निवडायची सोय जिथे असेल तिथे ती भरल्याशिवाय नोंद पूर्ण धरू नका. दोन वर्षं कधी पूर्ण होतायत त्या मुलांची यादी महिन्याच्या सुरुवातीला ताईंच्या हातात द्या, जन्मतारखेनुसार, कारण अंदाजानं दोन वर्षांचं वाटणारं मूल कधी २२ महिन्यांचं असतं. बाहेरून आलेल्या, ऊसतोड किंवा वीटभट्टीवरच्या कुटुंबातल्या मुलाची जन्मतारीख खरंच मिळत नसेल तर ८७ सेंटिमीटरच्या आत असेल तर झोपवून आणि त्यावर असेल तर उभं करून मोजा. आणि बीटभेटीच्या तपासणी नमुन्यात "वाढ कमी का" या प्रश्नाच्या आधी "या वेळी आणि मागच्या वेळी कसं मोजलं" हा प्रश्न टाका.

पुढच्या वजन-उंचीच्या फेरीआधी हे पत्रक निघालं तर पावसाळ्यात २४ महिने पूर्ण करणाऱ्या मुलांच्या नोंदी तरी दोन्ही बाजूंनी वाचता येतील. नमुना पत्रक आणि झो-उ चा रकाना असलेलं रजिस्टरचं पान मी तयार केलंय, ज्या प्रकल्पाला हवं असेल त्यांनी मागावं, ट्रेनिंगलाही यायची तयारी आहे.

आपली,
अंगणवाडी प्रशिक्षणात काम करणारी एक आहारतज्ज्ञ